कन्सोल जोडला की ॲम्प्लिफायर का घुमतो?

खानापूरला माझ्या बहिणीचं घर आहे. पुढचा भाग कौलारू, तिच्या सासऱ्यांच्या काळातला. मागे स्लॅबची एक खोली अलीकडे काढलेली. त्या मागच्या खोलीत भाच्याचं राज्य. दिवाळीत त्यानं प्लेस्टेशन ५ घेतला आणि कॉम्प्युटरचा मॉनिटर त्याला जोडला. मॉनिटरमधले स्पीकर रिकाम्या डब्यासारखे वाजतात, म्हणून आजोबांचा जुना स्टिरिओ ॲम्प्लिफायर आणि लाकडी पेटीतले दोन स्पीकर मागे नेले. मॉनिटरच्या हेडफोनच्या भोकातून एक ऑक्स केबल काढून ॲम्प्लिफायरला लावली, आणि तिथून सगळं सुरू झालं.

रात्री फोन आला. "मामा, घुंई वाजालंय. गेम लावला की वाजालंय. फोन लावला तर काय नाही. कन्सोल खराब आलाय काय?"

मी म्हटलं, फोन स्पीकरजवळ धर. ऐकलं. खाली एक जाड, सलग घूं, आणि तिच्यावर बारीक चर्रर्र. बेळगावातल्या साऊंडवाल्यांच्या भाषेत याला हमिंग म्हणतात. कन्सोल परत करायच्या आधी रविवारपर्यंत थांब, एवढं सांगून फोन ठेवला. कारण हा आवाज बहुतेक वेळा कुठल्याच वस्तूच्या आतला नसतो. दोन वस्तू जोडल्या की त्यांच्या मधे तो तयार होतो. दुकानात कन्सोल नेला असता तर तिथं तो ठणठणीत वाजला असता, ॲम्प्लिफायरही ठणठणीत वाजला असता, आणि घरी आणल्यावर पुन्हा घुंई.

ही घुंई येते कुठून ते आधी बघू, कारण ते कळलं की उपाय आपोआप कळतो.

आपल्या घरातली वीज 230 व्होल्टची, आणि ती सेकंदाला 50 वेळा पुढेमागे होते. स्पीकरमधून येणारी जाड घूं म्हणजे तीच 50 ची लय किंवा तिची दुप्पट, 100 ची. वरची चर्रर्र हीही त्याच लयीची पिलावळ. कन्सोल, मॉनिटर, मोबाईल चार्जर यांच्या आत जो स्विचिंगचा पॉवर सप्लाय असतो तो विजेची लाट तुकड्या-तुकड्यांत ओढतो, म्हणून तिला टोकं येतात आणि आवाज घूं न राहता चिरका होतो. म्हणजे स्पीकरमधून आपण लाईटच ऐकत असतो. ती आत शिरली कुठून, एवढाच प्रश्न.

ऑक्सची किंवा लाल-पांढऱ्या पिनांची, म्हणजे आरसीएची, केबल सोलून बघा. डाव्या-उजव्या आवाजाला मधे एकेक बारीक तार असते आणि तिच्याभोवती तांब्याची जाळी. गाण्याचा किंवा गेमचा आवाज मधल्या तारेतून जातो आणि जाळीतून परत येतो. जाळीचं दुसरं काम म्हणजे बाहेरचा कचरा अडवणं. ॲम्प्लिफायर मधली तार आणि जाळी यांच्यातला फरक मोजतो आणि तोच फरक मोठा करून स्पीकरला देतो. त्याला स्वतःचं डोकं नसतं. जाळीवर दुसरंच काही वाहत असलं तर तेही तो गाणं समजूनच मोठं करतो.

आता जाळीवर दुसरं काय वाहणार? इथे अर्थिंग येतं.

मॉनिटरला थ्री पिन आहे. त्याची जाड पिन, म्हणजे अर्थ, आतून मॉनिटरच्या पत्र्याला जोडलेली आणि तिथून ऑक्सच्या भोकाच्या बाहेरच्या कड्याला. ॲम्प्लिफायरलाही थ्री पिन आहे. त्याचाही अर्थ त्याच्या पत्र्याला आणि आरसीए सॉकेटच्या बाहेरच्या कड्याला. केबल नव्हती तोवर दोघं आपापल्या अर्थला बांधलेले, एकमेकांशी संबंध नाही. केबल लावली आणि जाळीनं दोघांचे अर्थ एकमेकांना जोडले. एक वर्तुळ पूर्ण झालं: मॉनिटर, जाळी, ॲम्प्लिफायर, त्याची अर्थ वायर, भिंतीतलं वायरिंग, आणि पुन्हा मॉनिटर. यालाच ग्राऊंड लूप म्हणतात.

वर्तुळ असलं म्हणून बिघडलं काही नाही. दोन्ही अर्थ अगदी सारख्या पातळीवर असते तर त्यातून काहीच वाहिलं नसतं. पण तसे ते नसतात. फ्रीज, इन्व्हर्टर, मॉनिटर, वॉशिंग मशीन, प्रत्येक जण थोडी थोडी गळती अर्थमध्ये सोडत असतो. मिलिॲम्पिअरमधली ही गळती आहे, बिघाड नव्हे. वस्तूंची रचनाच तशी असते. शेजारी दोन टाक्या आहेत आणि एकीत कोणी पाणी सोडलं की तिची पातळी किंचित हलते, तसं एका अर्थची पातळी दुसऱ्यापेक्षा किंचित वर-खाली होत राहते. दोन टाक्यांच्या मधे नळी टाकली की पाणी वाहणार. आपली ऑक्सची जाळी ही ती नळी.

रविवारी मी टेस्टर, मल्टिमीटर आणि थोडं सामान पिशवीत घालून खानापूरची गाडी धरली.

भाच्याच्या खोलीत भिंतीवर एकच बोर्ड. त्यावर मॉनिटर, कन्सोल, चार्जर, सगळं. ॲम्प्लिफायरला जागा उरली नव्हती, म्हणून पुढच्या घरातल्या बोर्डावरून बोळातून लांब एक्स्टेंशन ओढलेलं. ते बघितलं आणि माझा अर्धा निकाल तिथंच लागला. तरी नुसत्या अंदाजानं सामान विकत आणायचं नसतं. खात्री करायला काही लागत नाही, फक्त वायरी काढ-घाल करायच्या. मात्र प्रत्येक वेळी आवाजाचं बटण शून्यावर आणून, नाहीतर पिन काढताना जो ठाप्पकन आवाज होतो त्यानं स्पीकर जातो.

पहिली गोष्ट, ॲम्प्लिफायरच्या मागच्या सगळ्या इनपुटच्या पिना काढल्या आणि बटण हळूहळू चढवलं. शांत. नेहमीच्या पातळीला कानाला काही नाही, स्पीकरला कान लावला तर बारीक फुस्स. म्हणजे ॲम्प्लिफायर निर्दोष. सगळ्या पिना काढूनही घूं आली असती, तर तो दोष ॲम्प्लिफायरच्या आतला. जुन्या सेटमधे बहुतेक वेळा पॉवर सप्लायचे मोठे कपॅसिटर सुकलेले असतात. त्याला बाहेरून काहीही लावून उपयोग नाही, सेट उघडावा लागतो.

दुसरी गोष्ट, ऑक्स केबल ॲम्प्लिफायरला परत लावली, पण मॉनिटरकडचं टोक मोकळं हवेत धरलं. थोडी गुणगुण आली, आणि पिनच्या टोकाला बोट लावलं तर भुर्रर्र. भाचा म्हणाला, "हेच की मामा!" हे नव्हे. मोकळी पिन अँटेनासारखी घरातली लाईट पकडते, आपलं शरीरही पकडतं. इथं बरेच जण फसतात. मोकळ्या केबलवर निकाल देऊ नये.

तिसरी गोष्ट महत्त्वाची. केबल मॉनिटरला लावली, घुंई आली. आता कन्सोलची एचडीएमआय केबल मॉनिटरमधून काढली. घुंई तशीच! चर्रर्र तेवढी किंचित कमी झाली. कन्सोलची वायर बोर्डातूनही काढली, तरी घूं जागच्या जागी. भाच्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. ज्याच्यावर चार दिवस खापर फोडलं तो गडी बंद पडलेला आणि आवाज चालूच.

मग मॉनिटरचा प्लग बोर्डातून काढला. ऑक्स केबल दोन्हीकडे लावलेलीच. घुंई क्षणात गेली.

कारण सरळ आहे. कन्सोलच्या पॉवर केबलला दोनच तारा असतात, आठाच्या आकड्यासारख्या पिनची ती केबल. तिला अर्थ नाही. जिथं अर्थ नाही तिथून वर्तुळ पूर्ण होत नाही. मॉनिटरला मात्र अर्थ आहे, आणि वर्तुळ मॉनिटरमधून जात होतं. आधी फोन लावला तेव्हा आवाज का नव्हता, तेही यातच आलं: फोन बॅटरीवर, त्याला भिंतीशी देणंघेणं नाही.

दिवाणखान्यात टीव्ही असेल तर गुन्हेगार वेगळा निघू शकतो. पुष्कळ टीव्हींना टू पिनच असते, मग अर्थ येतो कुठून? केबलवाल्याच्या जाड काळ्या वायरीतून. तिची बाहेरची जाळी सेट टॉप बॉक्समधून एचडीएमआयवाटे टीव्हीपर्यंत पोचते, आणि दुसरं टोक गल्लीतल्या खांबावर कुठल्या तरी दुसऱ्याच अर्थला लागलेलं असतं. गेम खेळताना आवाज आला तर ती वायर सेट टॉप बॉक्समधून फिरवून काढा. घूं गेली तर चोर सापडला.

खानापुरात पुढे काय झालं ते सांगतो. ऑक्स केबल काढली, सगळं चालू ठेवलं, मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावला आणि एक काडी मॉनिटरच्या ऑक्स भोकाच्या कड्याला, दुसरी ॲम्प्लिफायरच्या आरसीए सॉकेटच्या बाहेरच्या कड्याला टेकवली. 0.7 व्होल्ट. ऐकायला काहीच नाही. दोन्ही अर्थ एकाच वायरिंगवर असते तर हा आकडा याहून बराच लहान, मिलिव्होल्टमधे यायला हवा होता.

इथं एक सावधगिरी. हे मोजण्याआधी दोन्ही वस्तूंच्या पत्र्याला टेस्टर लावून बघा. दिवा लागला, किंवा मीटरवर दहा-वीस व्होल्टच्या वर काही दिसलं, तर आवाजाचं विसरा. एखाद्या बोर्डात अर्थच नाही किंवा वस्तूच्या आत गळती आहे, असा त्याचा अर्थ. प्लग काढायचे, वायरमनला बोलवायचं. टू पिनच्या वस्तूंच्या बाबतीत मात्र घाबरायचं कारण नसतं. त्यांचं अंग मीटरवर शंभराच्या आसपास व्होल्ट दाखवू शकतं आणि हाताला हलकी झिणझिणी येते. त्यामागे ताकद नसते, मिलिॲम्पिअरचाही काही भाग. कन्सोलची चर्रर्र यातूनच येत होती: ती बारीक गळती एचडीएमआयमधून मॉनिटरला आणि तिथून जाळीवाटे जात होती.

0.7 व्होल्टचा हिशेब पुढे नेऊ. केबल जोडली की या फरकामुळे जाळीतून समजा 5 मिलिॲम्पिअर वाहतात. भाच्याची केबल स्वस्तातली, तीन मीटर, बारीक; तिच्या जाळीचा विरोध 0.3 ओहम धरू. दोन्हींचा गुणाकार दीड मिलिव्होल्ट. आणि अशा ॲम्प्लिफायरला पूर्ण जोरात वाजायला ऑक्सवर साधारण 200 मिलिव्होल्ट पुरतात. म्हणजे मोठ्यात मोठ्या आवाजाच्या सव्वाशेव्या-दीडशेव्या भागाएवढी घूं कायम पार्श्वभूमीला. गेममधे बॉम्ब फुटताना ती कळत नाही. पण जंगलात पानं सळसळतायत, पायवाटेवर पावलं ऐकायची आहेत, तिथं तीच तेवढी ऐकू येते. यातून आणखी एक गोष्ट हाती लागते: केबल जाड आणि आखूड घेतली तर विरोध कमी, आवाजही कमी. पण जात नाही.

खरं तर पहिला उपाय फुकटचा. दोन्ही वस्तू एकाच बोर्डावर घ्यायच्या. तसं केलं की दोघांचे अर्थ हातभर अंतरावर एकत्र येतात, आणि मधे घरभराची गळती घुसायला जागा राहत नाही. मी मागच्या बोर्डाला एक एक्स्टेंशन बोर्ड लावला आणि ॲम्प्लिफायरचा प्लग पुढच्या एक्स्टेंशनमधून काढून बाकीच्यांबरोबर त्यावर घेतला. कन्सोल दोन-अडीचशे वॅट, मॉनिटर आणि ॲम्प्लिफायर मिळून आणखी तेवढेच; एका चांगल्या एक्स्टेंशन बोर्डाला हे जड नाही. घूं निम्म्याहून खूप खाली आली. कित्येक घरांत काम इथंच संपतं. पण आमच्याकडे चर्रर्र शिल्लक होती. शिवाय बहिणीचं म्हणणं, ॲम्प्लिफायर संध्याकाळी पुढे भजनाला लागतो, तो एका जागी राहणार नाही. म्हणून पिशवीतून आयसोलेटर काढला.

दुसरा एक फुकटचा उपाय आपल्याकडे सर्रास करतात आणि तो करू नका. ॲम्प्लिफायरच्या प्लगची अर्थची पिन कापायची, किंवा टू पिनच्या अडॅप्टरमधे थ्री पिन घालायची. घुंई जाते, हे खरं. वर्तुळ तुटतं. पण पत्र्याच्या डब्याचा अर्थ आवाजासाठी नसतो. आतल्या ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन एक दिवस जळालं तर पत्र्यावर 230 व्होल्ट येतात. अर्थ असला तर फ्यूज उडतो, नसला तर ते व्होल्ट ऑक्सच्या जाळीतून मॉनिटरला, एचडीएमआयमधून कन्सोलला आणि चार्जिंगच्या वायरीतून पोराच्या हातातल्या कंट्रोलरपर्यंत जायला मोकळे. पावसाळ्यात खानापुरातली फरशी कशी ओलसर असते ते वेगळं सांगायला नको.

तुटायला हवं ते वर्तुळ, अर्थ नव्हे. आयसोलेटर नेमकं तेवढंच करतो.

तो काडेपेटीपेक्षा थोडा मोठा एक डबा असतो. एका बाजूनं आवाज आत, दुसऱ्या बाजूनं बाहेर. बॅटरी नाही, अडॅप्टर नाही, बटण नाही. उघडला तर आत दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर, डाव्या आवाजाला एक आणि उजव्याला एक. प्रत्येकात एकाच लोखंडी गाभ्यावर दोन वेटोळी, दोन्हींचे वेढे सारखे, म्हणजे आवाज कमी-जास्त न होता जसाच्या तसा पलीकडे. आणि या दोन वेटोळ्यांच्या मधे तारेचा काहीही संबंध नाही. आवाज पहिल्या वेटोळ्यात वाहतो, गाभ्यात चुंबकत्व हलवतो, आणि ते हलतं चुंबकत्व दुसऱ्या वेटोळ्यात तोच आवाज उठवतं. ओढ्याच्या अल्याड-पल्याड दोन माणसं हाका मारून बोलतात, पूल नाही, तसं. बोलणं पोचतं, पाय ओले होत नाहीत. अर्थमधली गळती वाहायला तारच लागते, आणि ती इथं तुटलेली.

विकत घेताना दोन प्रकार दिसतात: दोन्हीकडे साडेतीन एमएमच्या पिना असलेला, आणि दोन्हीकडे लाल-पांढऱ्या आरसीएचा. आपल्या केबलला बसेल तो घ्यायचा. गाडीतल्या टेपसाठी म्हणून विकतात तेही तेच. काही शे रुपयांत मिळतो. आणल्यावर मीटर असेल तर एक मिनिटाची तपासणी करा. मीटर बीपवर लावून एक काडी आत जाणाऱ्या बाजूच्या बाहेरच्या कड्याला, दुसरी बाहेर येणाऱ्या बाजूच्या कड्याला. बीप वाजता कामा नये. वाजला तर आत जाळी सरळ जोडलेली आहे आणि डबा कुचकामी. मग आत जाणाऱ्या बाजूला मधली पिन आणि कडं यांत विरोध बघा; दहा-वीसपासून काही शे ओहमपर्यंत काहीतरी दिसलं पाहिजे, कारण ते वेटोळं आहे. काहीच दिसलं नाही तर वेटोळं तुटलंय.

जागा एकच: मॉनिटर आणि ॲम्प्लिफायर यांच्या मधल्या ऑक्स केबलवर. आधी मॉनिटरकडून येणारी लांब केबल, मग डबा, मग ॲम्प्लिफायरपर्यंत आखूड केबल. स्पीकरच्या वायरीवर तो कधी लावू नका. तिथली ताकद वॅटमधली, आतली केसासारखी तार ती सोसणार नाही. रेकॉर्ड प्लेअरच्या इनपुटलाही चालत नाही, तिथला आवाज फारच नाजूक असतो.

लावला. बटण चढवलं. घूं गेली, चर्रर्र गेली... आणि तरीही एक मऊ म्म्म्म राहिलाच. भाचा माझ्याकडे बघतोय, मी डब्याकडे. डबा मी ॲम्प्लिफायरच्या डोक्यावर ठेवला होता, बरोबर त्याच्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या वर. त्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकत्व बाहेर सांडतं, आणि आपला डबा तर चुंबकत्वावरच चालतो. त्यानं ते इमानदारीनं पकडलं. डबा हातात उचलून तीस-चाळीस सेंटिमीटर लांब नेला तसा म्म्म्म विरत गेला. आडवा-उभा फिरवला तरी फरक पडत होता. शेवटी टेबलाच्या मागच्या पायाला, सगळ्या अडॅप्टरांपासून दूर, पट्टीनं बांधला. खूप जण आयसोलेटर लावूनही आवाज गेला नाही म्हणून परत करतात, त्यातल्या काहींचा घोटाळा एवढाच असतो.

संध्याकाळी भाच्यानं दुसरी तक्रार काढली. स्फोट पूर्वीसारखे छातीत बसत नाहीत, जाड आवाज फाटल्यासारखा येतोय. त्याचं बरोबर होतं. एवढुशा गाभ्यात ठराविकच चुंबकत्व मावतं. सारख्याच व्होल्टचा आवाज असला तरी तो जितका जाड, तितकं चुंबकत्व जास्त लागतं. 100 च्या लयीला जेवढं, त्याच्या पाचपट 20 च्या लयीला. गाभा भरला की पुढचा बेस कापला जातो. भाच्यानं मॉनिटरचा आवाज शंभरावर ठेवला होता आणि ॲम्प्लिफायरचा दोनावर. मी उलटं केलं. मॉनिटर पन्नासवर, बाकीचा आवाज ॲम्प्लिफायरनं वाढवायचा. गाभ्यावरचा भार उतरला, फाटणं थांबलं. अगदी तळाचा बेस स्वस्तातल्या डब्यात थोडा कमीच राहतो. मोठ्या गाभ्याचे, स्टुडिओत वापरतात तसे ट्रान्सफॉर्मर घेतले तर तोही राहतो, पण त्यांची किंमत वेगळी. आजोबांच्या स्पीकरांना फरक कळण्यासारखा नव्हता.

ज्यांच्याकडे टीव्हीला ऑप्टिकलचं भोक आहे त्यांनी आयसोलेटरच्या आधी त्याचा विचार करावा, असं माझं मत. ऑप्टिकलच्या केबलमधे तार नसतेच, आवाज उजेडाच्या रूपात जातो, त्यामुळे वर्तुळाचा प्रश्नच उद्भवत नाही आणि बेसही कापला जात नाही. प्लेस्टेशन ५ ला स्वतःला ऑप्टिकल नाही, म्हणून तो टीव्हीतून घ्यावा लागतो, आणि जुन्या ॲम्प्लिफायरला मधे उजेडाचं आवाजात रूपांतर करणारा छोटा डबा, डॅक, लागतो. यात एक खोच आहे. त्या डॅकला वीज लागते, आणि टीव्हीच्याच यूएसबीतून ती घेण्याचा मोह होतो, वायर जवळ पडते म्हणून. तसं केलंत तर टीव्हीचा अर्थ यूएसबीच्या तारेतून डॅकमधे, डॅकमधून आरसीएवाटे ॲम्प्लिफायरमधे, आणि वर्तुळ मागच्या दारानं पुन्हा घरात. डॅकला मोबाईलचा वेगळा टू पिन चार्जर द्या. ब्लूटूथच्या रिसीव्हरचीही गोष्ट तीच, शिवाय ब्लूटूथनं गेममधला आवाज चित्राच्या मागे पडतो, ते भाच्यासारख्यांना सोसत नाही.

राहता राहिले ते 0.7 व्होल्ट. आवाज गेला तरी तो आकडा मला खटकत होता. एकाच घरात दोन अर्थांत एवढा फरक का? बहिणीच्या सासऱ्यांना विचारलं तेव्हा कळलं. पुढच्या घराचा अर्थ विहिरीजवळच्या जुन्या खड्ड्यात, आणि मागची खोली काढताना वायरमननं तिथंच मागे दुसरा खड्डा खणून कोळसा-मीठ घालून वेगळा अर्थ दिला होता. दोन्ही खड्डे कुठंही एकमेकांना जोडलेले नव्हते. मधे फक्त जांभ्याची जमीन. म्हणजे दोन अर्थांना जोडणारी त्या घरातली पहिली तांब्याची तार ही भाच्याची ऑक्स केबल.

हे आयसोलेटरनं सुटत नाही. मागच्या खड्ड्याचा विरोध जास्त असेल तर मागच्या खोलीत एखाद्या पत्र्यावर लाईट उतरली तरी फ्यूज वेळेत उडेल की नाही याची खात्री नाही. पुढच्या आठवड्यात त्यांचा नेहमीचा वायरमन आला. त्यानं दोन्ही अर्थ जाड तारेनं मुख्य बोर्डाजवळ एकत्र बांधले, मागच्या खड्ड्यात पाणी सोडलं आणि पाईपवरचा गंजलेला नटबोल्ट बदलला. मी भाच्याला फोनवरूनच मीटर लावायला सांगितलं. आकडा 0.7 वरून 0.03 वर आला होता.

"मग आता तो डबा काढू काय मामा?"

काढून बघ म्हटलं. त्यानं काढला, एक्स्टेंशन पुन्हा पुढच्या घरातून घेतलं, आणि फोन स्पीकरजवळ धरला. मला काही ऐकू आलं नाही. त्याला आलं. अगदी बारीक, कन्सोल चालू केल्यावर, चर्रर्र. डबा परत टेबलाच्या पायाला गेला.